निरोपाचे चार शब्द : ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’?

शैक्षणिक वर्ष संपत आले की शाळेत निरोपाचे कार्यक्रम सुरू होतात. कुणी वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होतो, कुणाची बदली होते, तर कुणी रजेच्या जागेवर किंवा लेक्चर बेसिसवर आलेला असतो आणि त्याची मुदत संपते. शाल आणि श्रीफळ आणले जाते, टेबलावर फुलदाणी येते, आणि मग कुणीतरी कुणाला तरी सांगतो, “दोन शब्द तुम्ही बोला.” ज्याला सांगितले त्याची निघून जाणाऱ्या व्यक्तीशी वीस वर्षांची मैत्री असेल, तर प्रश्न नाही. पण पुष्कळदा ओळख असते ती मस्टरवर सही करताना झालेल्या नमस्कारापुरती. अशा वेळी बोलायचे कोणत्या सुरात? मानपत्रासारखे भारदस्त, की मित्राशी बोलावे तसे मोकळे? पालक आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्यावरही अशी वेळ येते, आणि विद्यार्थ्यांना तर दरवर्षी कुणा ना कुणा शिक्षकांसाठी भेटकार्ड लिहावे लागते. म्हणून या अंकात या प्रश्नाविषयी आमचे मत मांडत आहोत.

आमचे मत थोडक्यात असे. सूर म्हणजे नात्याविषयी केलेला एक दावा असतो. मोकळा सूर म्हणतो, “आपण जवळचे आहोत.” अतिभारदस्त सूर म्हणतो, “तुमचे थोरपण मी पूर्णपणे जाणतो.” ज्याला आपण जेमतेम ओळखतो त्याच्या बाबतीत हे दोन्ही दावे खोटे ठरतात. म्हणून संबोधन आदराचे असावे, वाक्ये साधी असावीत आणि त्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट असावी.

आता हे प्रत्यक्षात कसे करायचे ते पाहू. पेडणे आणि डिचोलीकडच्या शाळांत एक वेगळी अडचण आहे, ती आधी ध्यानात घ्यावी. आपण एकमेकांशी बोलतो कोकणीत आणि कार्यक्रमात बोलतो, लिहितो मराठीत. राजभाषा कायदा १९८७ साली झाला. त्यात कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात स्थान मिळाले, पण ही वाटणी कायद्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत आणि देवळांत होती. स्टाफरूममध्ये आपण समवयस्क सहकाऱ्याला सहज ‘तूं’ म्हणतो. कोकणीत तो ‘तूं’ खटकत नाही. गावात वडीलधाऱ्यांनाही तो लागतो आणि त्यात आदर कमी होत नाही. तोच शब्द मराठी कार्डावर ‘तू’ म्हणून उतरला की एकदम बुटका होतो. मराठीत ‘तू’ आईला, देवाला, मित्राला आणि लहानांना. ज्या सहकाऱ्याशी आपले बोलणेच फारसे झालेले नाही, त्याला कार्डावर ‘तू’ म्हणणे म्हणजे त्याला लहान समजणे होय. लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसते, पण वाचणाऱ्याला कागदावर तेच दिसते.

मग ‘आपण’ म्हणावे का? आम्ही पदवी हिंदी माध्यमातून घेतली. हिंदीत ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि अनोळखी माणसाला ‘आप’ म्हणणे ही सभ्यतेची पहिली अट. हिंदीतून आलेला माणूस म्हणूनच मराठीत सगळीकडे ‘आपण’ घालतो, कारण ‘तुम्ही’ त्याला हिंदीतल्या ‘तुम’सारखे वाटते. पण मराठीतले ‘तुम्ही’ पुरेसे आदराचे आहे. सासऱ्यांना, सरांना, संस्थेच्या अध्यक्षांना आपण ‘तुम्ही’च म्हणतो. ‘आपण’ ही त्यावरची पायरी आहे. ती निमंत्रणपत्रिकेत आणि मानपत्रात शोभते.

शिवाय ‘आपण’ला दोन अर्थ आहेत. एक अर्थ ‘तुम्ही’, दुसरा ‘मी आणि तुम्ही मिळून’. “आपण आलात” आणि “आपण आलो” यांतला फरक क्रियापद सांगते. पण “या वर्षी आपण खूप काम केले” असे कुणी म्हणाले, तर काम पाहुण्याने केले की सगळ्यांनी मिळून, हे कळत नाही. निरोपाच्या भाषणात असे वाक्य चार वेळा आले की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो आणि ज्याचे कौतुक करायचे त्याचा वाटा पुसला जातो. म्हणून कमी ओळखीच्या सहकाऱ्यासाठी कार्डावर आणि भाषणात ‘तुम्ही’ हेच योग्य. ‘आपण’ राखून ठेवावे ते चौकटीत बसवून द्यायच्या मानपत्रासाठी.

मात्र याच शब्दाच्या कुळातला एक शब्द निरोपात जरूर वापरावा, तो म्हणजे ‘आपली’. हिंदीत ‘हमारा स्कूल’ म्हटले की ऐकणारा त्यात आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत ते कळते. ‘आमची शाळा’ म्हटले की समोरचा माणूस बाहेर राहिला, ‘आपली शाळा’ म्हटले की तो आत आला. “आमची शाळा तुम्हाला विसरणार नाही,” असे सांगताना आपण त्या माणसाला नकळत फाटकाबाहेर उभे करतो, अजून हार गळ्यात असतानाच. “आपल्या शाळेत तुम्ही नऊ महिने शिकवलेत,” या वाक्यात मोठा शब्द एकही नाही, पण तो माणूस आतला ठरतो. थोडी ओळख असलेल्या माणसाला आपुलकी दाखवायची असेल, तर ‘तू’ म्हणण्याची गरज नाही. ‘आमची’च्या जागी ‘आपली’ म्हटले की काम होते, आणि त्यात खोटेपणाही नाही, कारण शाळा खरोखरच त्याचीही होती.

आता एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, माध्यमिक विभागात एक शिक्षिका रजेच्या जागेवर जुलैत आल्या आणि मार्चअखेर त्यांची मुदत संपत आहे. विषय भूगोल. डिचोली तालुक्यातून दोन बस बदलून त्या पेडण्याला येत, त्यामुळे शाळा सुटताच बस गाठण्याच्या घाईत असत. स्टाफरूममध्ये त्यांचे बसणे फारसे झाले नाही. निरोपाचे दोन शब्द बोलायचे आहेत प्राथमिक विभागातल्या एका शिक्षकाने, ज्याने त्यांच्याशी फार तर चार वेळा संवाद केला असेल. तो पहिला खर्डा असा लिहितो :

“आपल्या जाण्याने शाळेत कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होत आहे. आपण ज्ञानदानाच्या पवित्र यज्ञात अखंड आहुती दिलीत. आपला स्वभाव अत्यंत मनमिळाऊ आणि हसतमुख होता. आपले उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो.”

यात चूक कोणती? पहिली म्हणजे ही वाक्ये निरोपाची नाहीत, शोकसभेची आहेत. ‘पोकळी’, ‘भरून न येणारी’ आणि ‘स्वभाव मनमिळाऊ होता’ हे शब्द आपण वर्तमानपत्रात कोणत्या पानावर वाचतो ते आठवावे. यासाठी एक सोपा नियम आहे. नोकरी भूतकाळात सांगावी, स्वभाव वर्तमानकाळात. “तुम्ही भूगोल शिकवलात” हे बरोबर, पण “तुम्ही मनमिळाऊ होता” हे चूक, कारण माणूस समोर बसला आहे आणि उद्याही तो मनमिळाऊच असणार आहे. दुसरी चूक ‘उर्वरित आयुष्या’ची. साठीच्या माणसाला ते चालते, पस्तिशीच्या बाईंना नव्हे. तिसरी चूक सगळ्यांत मोठी. या खर्ड्यातले नाव पुसून दुसरे कोणतेही घातले तरी एक अक्षर बदलावे लागणार नाही. हीच खरी कसोटी आहे. नाव बदलून मजकूर तसाच चालत असेल, तर तो मजकूर त्या माणसासाठी लिहिलेला नाही.

हे ओळखून तो शिक्षक दुसऱ्या टोकाला जातो :

“काय टीचर, चाललीस ना आम्हाला सोडून! आता सुटलीस बसच्या धावपळीतून. पार्टी बाकी आहे हां! विसरू नकोस.”

हे वाचून हसू येते, आणि रोज एकाच बसने येणाऱ्या मैत्रिणीने हे म्हटले असते तर ते गोड वाटले असते. पण इथे बोलणारा तो नाही. शिवाय त्या शिक्षिकेची मुदत संपली आहे. पुढच्या जूनमध्ये काम मिळेल की नाही, हे तिला ठाऊक नाही. ‘सुटलीस’ हा शब्द तिला कसा लागेल? ‘पार्टी’ कशाची? विनोद करायला समोरच्याच्या परिस्थितीची माहिती लागते, आणि कमी ओळखीत नेमकी तीच नसते. मोकळ्या सुराचा धोका तिथेच असतो. औपचारिक वाक्य फार तर कोरडे वाटते, पण जवळीक गृहीत धरलेले वाक्य चुकले तर टोचते. म्हणून शंका आली की थोडे औपचारिकतेकडे झुकावे.

मग तिसरा खर्डा कसा व्हावा? त्यासाठी लिहिण्याआधी अर्धा तास विचारपूस करावी लागते. कार्यालयातल्या क्लार्ककडून तीन गोष्टी घ्याव्यात : पूर्ण नाव आणि त्याचे अचूक लेखन, रुजू झाल्याची तारीख, शिकवलेले वर्ग. नाव चुकले तर पुढचे सगळे फुकट जाते. नावाआधी ‘सौ.’ लावण्याची घाई करू नये. माहीत नसेल तर ‘श्रीमती’ लिहावे, आणि बोलताना तर आपल्याकडचे ‘टीचर’ आणि ‘सर’ पुरेसे आहे. मग त्या वर्गातल्या दोन मुलांना आणि शाळेच्या शिपायाला एकच प्रश्न विचारावा, “यांचे काय लक्षात राहिले?” ‘टीचर कशा आहेत’ असे विचारले तर उत्तर ‘चांगल्या’ असे येते. ‘काय लक्षात राहिले’ म्हटले की गोष्ट हाती लागते. त्या का जात आहेत, पुढे कुठे जाणार, हे मात्र इतरांकडून काढून घेऊ नये. ते सांगायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे.

समजा, आठवीच्या मुलांनी सांगितले की टीचरांनी वर्गाबाहेरच्या भिंतीवर मुलांकडूनच पेडणे तालुक्याचा नकाशा काढून घेतला, उत्तरेला तेरेखोल नदी आणि दक्षिणेला शापोरा, आणि प्रत्येकाला आपापले घर त्यात दाखवायला लावले. मग खर्डा असा होतो :

“टीचर, तुम्ही जुलैपासून आपल्या शाळेत भूगोल शिकवलात. प्राथमिक विभागातल्या आमच्यापैकी अनेकांची तुमच्याशी ओळख नमस्कारापुरतीच झाली. पण आठवीच्या वर्गाबाहेरचा नकाशा आम्ही रोज पाहतो. दोन नद्यांच्या मध्ये मुलांनी आपापली घरे दाखवली आहेत, आणि आमचे लहान विद्यार्थी मधल्या सुट्टीत तिथे उभे राहून आपले घर शोधतात. तो नकाशा भिंतीवर राहणार आहे. तुमच्या पुढच्या कामासाठी संस्थेच्या आणि शिक्षकांच्या वतीने शुभेच्छा.”

यात पाच गोष्टी आहेत, आणि पाचही खऱ्या आहेत. काम काय केले ते सांगितले. ओळख कमी होती हे लपवले नाही. काही लोकांना ही कबुली देण्याचा संकोच वाटतो, पण तिच्यामुळेच पुढच्या वाक्यावर विश्वास बसतो. पाहिलेली एक गोष्ट सांगितली. ती मागे राहणार आहे हे सांगितले. आणि शुभेच्छा दिल्या त्या ‘पुढच्या कामासाठी’, कारण नोकरी मिळो वा न मिळो, हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘बढतीबद्दल अभिनंदन’, ‘उज्ज्वल भविष्य’ असे शब्द वस्तुस्थिती माहीत असल्याशिवाय वापरू नयेत.

‘तुमची आठवण येईल’ या वाक्याविषयी थोडे. इंग्रजी भेटकार्डांवरून ते आपल्याकडे फार आले आहे. आताच्या इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद उरलेला नाही, त्यामुळे तिथला मजकूर सगळ्यांना सारखाच चालतो. मराठीत तो उतरवताना मुले ‘तुझी’ लिहितात किंवा ‘तुमची उणीव सदैव भासेल’ असे जड काही. ज्याला आपण ओळखतच नव्हतो त्याची आठवण सदैव कशी येईल? पण आठवण कशाने येईल हे सांगता आले, तर तेच वाक्य खरे होते. “नकाशापाशी गर्दी झाली की तुमची आठवण येईल,” एवढे म्हटले तरी पुरे.

आता कुणी कुठे काय लिहावे, ते थोडक्यात पाहू. कार्डावर तीन-चार ओळी पुरेत. भाषण दोन मिनिटांचे, म्हणजे वहीचे साधारण एक पान. भाषणात बोलणारे पुष्कळदा एका वाक्यात ‘टीचरांनी शिकवले’ आणि पुढच्यात ‘तुम्ही शिकवलेत’ म्हणतात, आणि बोलणे सभेशी चालले आहे की त्या व्यक्तीशी, हे समजत नाही. कमी ओळख असेल तर आधीचे सगळे सभेला सांगावे, ‘त्यांनी’ असे म्हणत, आणि शेवटची दोन वाक्ये त्यांच्याकडे वळून ‘तुम्ही’ म्हणत बोलावीत. तसे केले की त्या दोन वाक्यांना वजन येते. विश्वस्तांनी आणि पदाधिकाऱ्यांनी वैयक्तिक आठवणी सांगण्याच्या भरीस पडू नये. ‘संस्थेच्या वतीने’ म्हणून आभार मानावेत आणि कामाची नोंद घ्यावी. तो त्यांचा अधिकार आहे, आणि त्यात जवळीक नसल्याचे कुणाला वाईट वाटत नाही. ज्यांची खरोखर मैत्री होती त्यांनी आपले मोकळे बोलणे कोकणीत, फोनवर किंवा कार्डाच्या मागच्या बाजूला जरूर करावे. ‘देव बरें करूं’ हे शब्द मराठी कार्डावरही कधी परके वाटत नाहीत.

एक उलटे उदाहरणही सांगावेसे वाटते. शाळेचे शिपाई, मदतनीस, सफाई करणारी बाई यांना अनेकजण वर्षभर नावाने आणि एकेरीत हाक मारतात. त्यांच्या निरोपाला मात्र भाषणात ‘तुम्ही’ आणि ‘श्रीमती’ येते. हे ढोंग आहे, असे एखादा मोठा विद्यार्थी म्हणेल. त्याचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यावर उपाय म्हणून भाषणात एकेरी आणू नये. वर्षभराची हाक बदलावी. निरोपाच्या दिवशी ज्या संबोधनाचा आपल्याला संकोच वाटतो, ते आदल्या दिवसापर्यंत आपण दिलेले नव्हते, एवढेच तो संकोच सांगतो.

हा विषय आम्ही एवढ्या विस्ताराने मांडला, त्याला कारण आहे. वीस-तीस वर्षे नोकरी करून निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला निरोप चांगलाच मिळतो. बोलणारे पुष्कळ असतात, आठवणी असतात. तुटपुंजा निरोप मिळतो तो नऊ महिन्यांसाठी आलेल्यांना. त्यांना कुणी नीट ओळखत नाही, म्हणून भाषण उसने घेतले जाते किंवा थट्टेवारी नेले जाते. समोर बसलेली मुले हे पाहत असतात. ज्या टीचरांनी वर्षभर त्यांना शिकवले, त्यांच्याविषयी मोठ्यांना एक वाक्यही स्वतःचे सांगता येत नाही, हे त्यांना कळते. कायम नोकरी असलेल्याला मान आणि तात्पुरत्याला उरलेसुरले शब्द, हा धडा कोणत्याही पुस्तकात नसताना मुले अशा कार्यक्रमात शिकतात.

मराठीत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रजा देणे, दुसरा सांगावा. हिंदीतल्या ‘विदाई’त हा दुसरा अर्थ नाही. जाणाऱ्या माणसाच्या हाती काहीतरी सांगावा द्यायचा असतो, आणि तो त्याच्या नावाचा असावा लागतो, वाटेल त्याला देण्याजोगा नव्हे. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि दारातला माणूस ‘या’ म्हणतो. त्या ‘या’मध्ये आदर आहे आणि आपुलकीही आहे, पण लगट नाही. येत्या निरोप समारंभात ज्यांच्यावर दोन शब्द बोलण्याची पाळी येईल, त्यांनी क्लार्ककडे नाव-तारीख विचारून आणि मुलांना एक प्रश्न विचारूनच उभे राहावे, ही विनंती.

— मुख्याध्यापक